मर्यादित दायित्व भागीदारी संस्थेचे वार्षिक विवरण व आयकर विवरणपत्र : दोन नव्या भागीदारांसाठी एक पाठ

अलीकडे अनेक वैद्य आपले चिकित्सालय व औषधालय एकत्र करून मर्यादित दायित्व भागीदारी संस्थेच्या, म्हणजेच एलएलपीच्या, स्वरूपात चालवू लागले आहेत. संस्था स्थापन करताना सर्वजण उत्साहाने कागदपत्रांवर स्वाक्षऱ्या करतात. पुढे दरवर्षी शासनाकडे काय सादर करावयाचे, याची माहिती मात्र बहुधा एखाद्या ज्येष्ठ भागीदारापुरती आणि सनदी लेखापालापुरती मर्यादित राहते. नंतर आलेल्या भागीदारांना तर ती क्वचितच दिली जाते. प्रस्तुत लेखात अशाच दोन नव्या भागीदारांना डोळ्यांसमोर ठेवून वार्षिक विवरण आणि आयकर विवरणपत्र यांची वाट पायरीपायरीने दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

उदाहरणासाठी एक संस्था कल्पू. महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणी दोन ज्येष्ठ वैद्यांनी प्रत्येकी १० लक्ष रुपये घालून ती स्थापन केली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी तीत दोन नवे भागीदार आले. पहिल्या पंचकर्म विभाग पाहणाऱ्या वैद्या, दुसरे औषधालयाचा कारभार सांभाळणारे गृहस्थ. दोघांनी प्रत्येकी ४ लक्ष रुपये भांडवल घातले. पुढील विवेचन या दोघांना उद्देशून आहे आणि त्यातील आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

मर्यादित दायित्वाची मर्यादा

आपला पहिला प्रश्न साहजिकच असा असेल : संस्थेचे दायित्व मर्यादित आहे, आपले ४ लक्ष रुपये गुंतले आहेत, मग विवरणपत्रे वेळेवर गेली किंवा न गेली, आपल्याला व्यक्तिशः काय होणार?

व्यापारी देण्यांच्या बाबतीत आपले म्हणणे सामान्यतः बरोबर आहे. आयकराच्या बाबतीत ते तसे नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १६७ग मध्ये अशी तरतूद आहे की, एलएलपीकडून येणे असलेला कर संस्थेकडून वसूल होऊ शकला नाही, तर त्या वर्षात कोणत्याही काळी भागीदार असलेली प्रत्येक व्यक्ती त्या करास संयुक्तपणे व पृथक्पणे जबाबदार राहते. आपल्या हातून घोर हलगर्जीपणा, गैरवर्तन वा कर्तव्यभंग घडल्यामुळे ही वसुली अडलेली नाही, हे सिद्ध करण्याचा भार भागीदारावर असतो. ‘कोणत्याही काळी’ हे शब्द लक्षात घ्यावेत. आपण १ ऑक्टोबरला आलात, तरी संपूर्ण २०२५-२६ च्या कराबाबत आपण या कलमाच्या कक्षेत येता. म्हणून पुढील कागद आपण स्वतः पाहणे आवश्यक आहे.

येथे एक खुलासा करावयास हवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अमलात आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तथापि २०२५-२६ या वर्षातील उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्या अधिनियमानुसारच भरावयाचे असल्याने या लेखात जुनेच क्रमांक दिले आहेत.

तीन कागद, दोन कार्यालये

वर्षअखेरीनंतर संस्थेला मुख्यतः तीन कागद सादर करावे लागतात. पहिले दोन केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संस्था निबंधकांकडे जातात, तिसरा आयकर विभागाकडे.

पहिला कागद फॉर्म ११, म्हणजे वार्षिक विवरण. तो आर्थिक वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत द्यावयाचा असतो. दुसरा फॉर्म ८, म्हणजे लेखा व शोधनक्षमतेचे विवरण. ते वर्षअखेरीपासून सहा महिन्यांत तयार करून त्यानंतरच्या ३० दिवसांत, म्हणजे ३० ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागते. तिसरा आयटीआर-५ हे आयकर विवरणपत्र. आपल्या उदाहरणातील संस्थेसाठी त्याची मुदत ३१ ऑक्टोबर आहे. ती तशी का, हे पुढे येईल.

वर्षभर एकही रुग्ण तपासला नाही वा एकही बाटली विकली नाही, तरीही हे तिन्ही कागद द्यावेच लागतात. तसेच दोन्ही कार्यालये स्वतंत्र असल्याने एकाने दिलेली मुदतवाढ दुसऱ्यास लागू होत नाही. लेखापरीक्षण आवश्यक असलेल्या करदात्यांसाठी २०२४-२५ च्या आयकर विवरणपत्राची मुदत १० डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली होती. अशी बातमी वाचून फॉर्म ८ बाजूस ठेवणे म्हणजे विलंबशुल्क ओढवून घेणे होय.

फॉर्म ११ : भागीदारांची नोंद

फॉर्म ११ मध्ये नफा-तोट्याचा हिशेब नसतो. भागीदार किती, प्रत्येकाने किती भांडवल देण्याचे कबूल केले आणि प्रत्यक्षात किती दिले, वर्षभरात कोण आले व कोण गेले, ही माहिती त्यात द्यावयाची असते. नव्या भागीदारांच्या दृष्टीने म्हणूनच हा कागद सर्वांत जवळचा आहे.

या कागदात होणारी चूक बहुधा त्याच्या आधीच्या टप्प्यावर झालेली असते. नवा भागीदार आला की ३० दिवसांच्या आत फॉर्म ४ द्वारे त्याची सूचना द्यावी लागते. भागीदारी करारात बदल झाला, तर तो फॉर्म ३ द्वारे तितक्याच दिवसांत कळवावा लागतो. आपल्या दोघांच्या प्रवेशाने या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. हे फॉर्म ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले नसतील, तर मंत्रालयाच्या नोंदीत अजूनही दोनच भागीदार व २० लक्ष रुपये भांडवल दिसेल. संस्थेच्या वहीत मात्र चार भागीदार व २८ लक्ष असतील. अशा स्थितीत फॉर्म ११ तसाच भरला तर तो चुकीचा ठरतो. आधी फॉर्म ३ व ४ विलंबशुल्कासह भरून नोंद सुधारावी आणि मगच फॉर्म ११ हाती घ्यावा.

हे तपासणे सोपे आहे. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने शोध घेतल्यास नियुक्त भागीदारांची नावे व भांडवलाची रक्कम दिसते. तेथे २८ लक्ष दिसत नसतील, तर फॉर्म ३ ची पोचपावती मागावी. तसेच दोन्ही फॉर्मांच्या प्रती आपल्या संग्रही ठेवाव्यात.

लेखापरीक्षण केव्हा आवश्यक?

एलएलपी नियम, २००९ मध्ये लेखापरीक्षणासाठी दोन मर्यादा दिल्या आहेत : वार्षिक उलाढाल ४० लक्ष रुपये आणि भांडवली अंशदान २५ लक्ष रुपये. यांपैकी एक जरी ओलांडली गेली तरी सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घ्यावेत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आपल्या संस्थेने दोन्ही ओलांडल्या आहेत. औषधविक्री ४४ लक्ष आणि तपासणी व पंचकर्माचे शुल्क १८ लक्ष, अशी एकूण उलाढाल ६२ लक्ष आहे. भांडवलाची मर्यादा तर आपल्या दोघांच्या प्रवेशानेच ओलांडली गेली.

उलाढाल मोजताना औषधालयचालकांची एक गल्लत होते. वैद्यकीय सेवेवर वस्तू व सेवा कर नाही, म्हणून ते शुल्क उलाढालीतही नाही, असे ते धरून चालतात. करातून सूट असली तरी ती संस्थेची प्राप्तीच आहे आणि ती मोजावी लागते. समजा विक्री ३० लक्ष व शुल्क १५ लक्ष असेल, तर केवळ विक्री पाहणारा स्वतःला मर्यादेच्या आत समजेल, पण प्रत्यक्षात संस्था ४५ लक्षांवर पोचलेली असेल.

आता ३१ ऑक्टोबरच्या मुदतीचे कारण सांगतो. आयकर अधिनियमातील लेखापरीक्षणाची मर्यादा निराळी आहे. व्यवसायासाठी ती सामान्यतः १ कोटी रुपये, तर वैद्यकीसारख्या पेशासाठी ५० लक्ष रुपये आहे. आपली संस्था त्या मर्यादांच्या आत असल्याने आयकराचे स्वतंत्र लेखापरीक्षण करावे लागत नाही. परंतु ज्या करदात्याचे हिशेब ‘अन्य कोणत्याही कायद्याखाली’ तपासून घेणे आवश्यक आहे, त्यालाही आयकर विवरणपत्रासाठी ३१ ऑक्टोबरचीच मुदत आहे. एलएलपी कायदा हा असा अन्य कायदा होय. म्हणून आपले विवरणपत्र लेखापरीक्षणानंतर भरावयाचे आहे.

लेखापरीक्षकाची नेमणूक वर्ष संपण्यापूर्वी किमान ३० दिवस आधी नियुक्त भागीदारांनी करावयाची असते. सप्टेंबरमध्ये धावाधाव करून नेमणूक करणे नियमाला धरून नाही.

साठ्याची मोजणी

लेखापरीक्षक पहिली गोष्ट मागतो ती ३१ मार्च रोजीच्या साठ्याची यादी. औषधालयात हा आकडा सर्वांत मोठा व सर्वांत फसवा असतो. चूर्णे, आसव-अरिष्टे, तेले व गुटिका प्रत्यक्ष मोजाव्यात आणि प्रत्येकीची मुदत पाहावी. मुदत संपलेला माल खरेदीच्या किमतीने यादीत राहिला तर नफा तितकाच फुगतो.

आपल्या संस्थेत असा ९०,००० रुपयांचा माल निघाला आणि तो साठ्यातून वगळण्यात आला, असे धरू. तो वगळला नसता, तर पुढे येणाऱ्या हिशेबानुसार संस्थेने सुमारे ११,००० रुपये अधिक कर भरला असता, आणि तोही कधीच विकला न जाणाऱ्या मालापोटी.

करपात्र उत्पन्नाचा हिशेब

येथे एक गोष्ट वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. स्वतःच्या नावावर व्यवसाय करताना अनेकजण प्राप्तीच्या ठराविक टक्क्यांनी उत्पन्न दाखविण्याच्या सोप्या योजनेचा लाभ घेतात. कलम ४४कघ व ४४कघक या दोन्ही योजनांतून एलएलपीला स्पष्टपणे वगळले आहे. संस्थेला पूर्ण हिशेबानेच उत्पन्न काढावे लागते.

आपल्या संस्थेची एकूण प्राप्ती ६२,००,००० रुपये. खरेदी, साठ्यातील फरक, भाडे, कर्मचाऱ्यांचे वेतन, वीज, घसारा इत्यादी सर्व खर्च ४४,१२,००० रुपये. भागीदारांना काही देण्यापूर्वी १७,८८,००० रुपये उरतात.

यातून प्रथम भांडवलावरील व्याज वजा होते. कायदा द.सा.द.शे. १२ पर्यंतचे व्याज मान्य करतो, मात्र ते करारात नमूद असावे लागते. ज्येष्ठ भागीदारांच्या २० लक्षांवर वर्षाचे २,४०,००० रुपये आणि आपल्या दोघांच्या ८ लक्षांवर सहा महिन्यांचे ४८,००० रुपये, असे एकूण २,८८,००० रुपये झाले. उरलेले १५,००,००० रुपये हा पुस्तकी नफा होय.

यानंतर मानधन. काम करणाऱ्या भागीदारांना किती मानधन वजावटीस पात्र धरावे, याची मर्यादा कलम ४०(ब) मध्ये पुस्तकी नफ्यावरून ठरते. पहिल्या ६ लक्षांवर ९० टक्के किंवा ३ लक्ष रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. आपल्या बाबतीत :

पहिल्या ६,००,००० वर ९० टक्के : ५,४०,००० रुपये
उरलेल्या ९,००,००० वर ६० टक्के : ५,४०,००० रुपये
मान्य मानधनाची एकूण मर्यादा : १०,८०,००० रुपये

प्रत्यक्षात करारानुसार ज्येष्ठ भागीदारांना दरमहा प्रत्येकी ३२,५०० प्रमाणे वर्षाचे ७,८०,००० आणि आपल्या दोघांना दरमहा प्रत्येकी ३०,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ३,६०,००० रुपये दिले गेले. बेरीज ११,४०,००० होते. म्हणजे ६०,००० रुपये मर्यादेबाहेर गेले. ते देण्यास बंदी नाही. मात्र ते संस्थेच्या उत्पन्नातून वजा होत नाहीत.

करपात्र उत्पन्न १५,००,००० वजा १०,८०,००० म्हणजे ४,२०,००० रुपये. एलएलपीला कोणतीही करमुक्त पायरी नसते. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर लागतो. म्हणून कर १,२६,००० रुपये, त्यावर ४ टक्के उपकर ५,०४० रुपये, एकूण १,३१,०४० रुपये. ही रक्कम वर्ष चालू असतानाच जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या १५ तारखांना चार हप्त्यांत आगाऊ भरावयाची असते. ती राहिल्यास दरमहा १ टक्का दराने व्याज लागते.

कराराची तारीख

या हिशेबात आपल्या दोघांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा कोणती, असे विचारल्यास उत्तर आहे पुरवणी कराराची तारीख. मानधन वजावटीस पात्र होण्यासाठी ते लेखी कराराने अधिकृत असावे लागते आणि कराराच्या तारखेनंतरच्या काळाचे असावे लागते. समजा, आपण १ ऑक्टोबरला कामास लागलात, पण पुरवणी करारावर डिसेंबरच्या पहिल्या तारखेस स्वाक्षऱ्या झाल्या आणि त्यात ‘१ ऑक्टोबरपासून अमल’ असे लिहिले. अशा वेळी ऑक्टोबर व नोव्हेंबर या दोन महिन्यांचे दोघांचे मिळून १,२०,००० रुपये मानधन वजावटीसाठी नाकारले जाऊ शकते.

दुसरी उणीव मजकुरात असते. ‘मानधन भागीदारांनी परस्पर संमतीने ठरवावे’ एवढेच वाक्य करारात पुरेसे नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९६ च्या परिपत्रक क्रमांक ७३९ मध्ये स्पष्ट केले आहे की, प्रत्येक भागीदाराच्या मानधनाची रक्कम किंवा ती ठरविण्याची रीत करारात असली पाहिजे. आपल्या करारात ३०,००० हा आकडा किंवा गणिती रीत लिहिलेली आहे का, हे आजच वाचून पाहावे. नसल्यास पुढील काळासाठी पुरवणी करार करून घ्यावा. गेलेल्या काळाचा दोष मात्र त्याने भरून निघत नाही.

मानधनातून कपात आणि आपले स्वतःचे विवरणपत्र

पहिल्याच महिन्यात ३०,००० ऐवजी २७,००० रुपये हाती आले म्हणून औषधालय सांभाळणारे भागीदार बुचकळ्यात पडतील, हे स्वाभाविक आहे. १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४न लागू झाले असून, इंग्रजीत ते १९४टी या नावाने ओळखले जाते. भागीदारास वर्षभरात मिळणारे मानधन, व्याज इत्यादी मिळून २०,००० रुपयांहून अधिक होत असेल, तर त्यातून १० टक्के कर संस्थेने कापावयाचा असतो. रक्कम रोख दिली नाही व केवळ भागीदाराच्या भांडवली खात्यात जमा केली, तरी कपात करावी लागते. ही कपात करण्यासाठी संस्थेकडे टॅन क्रमांक हवा.

आपणांपैकी प्रत्येकाचे मानधन १,८०,००० व व्याज २४,००० मिळून २,०४,००० रुपये होतात आणि त्यावरील कपात २०,४०० रुपये. ही रक्कम आपल्या नावे आयकर खात्यात जमा दिसली पाहिजे. ती फॉर्म २६एएस मध्ये पाहता येते. संस्थेने कापली पण भरली नाही, असे असल्यास ते येथेच उघड होते.

मानधन व व्याज आपल्या वैयक्तिक विवरणपत्रात पगार म्हणून दाखवू नये. ते व्यवसायाचे उत्पन्न आहे आणि त्यासाठी आयटीआर-३ हा नमुना वापरावा लागतो. नफ्यातील आपला हिस्सा मात्र करमुक्त आहे, कारण त्यावर संस्थेने आधीच कर भरलेला असतो. त्याच न्यायाने मर्यादेबाहेरच्या ६०,००० पैकी आपल्या वाट्याचा भाग आपल्या हाती पुन्हा करपात्र होत नाही. आणि संस्थेच्या हिशेबांचे लेखापरीक्षण आवश्यक असल्याने आपल्या वैयक्तिक विवरणपत्राची मुदतही ३१ ऑक्टोबर होते.

फॉर्म ८ : देणी फेडण्याच्या क्षमतेची घोषणा

फॉर्म ८ चे दोन भाग आहेत. एका भागात मालमत्ता व देणी तसेच उत्पन्न व खर्च यांचा हिशेब असतो. दुसऱ्या भागात, संस्था आपली देणी नेहमीच्या व्यवहारात ज्या त्या वेळी पूर्णपणे फेडू शकेल की नाही, याची घोषणा नियुक्त भागीदार करतात. ही घोषणा कोऱ्या मनाने करण्याची नाही. जाणूनबुजून खोटे विधान केल्यास एलएलपी कायद्याच्या कलम ३७ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावासाची व दंडाची तरतूद आहे.

ती कशी पारखावी? समजा, ३१ मार्च रोजी औषध पुरवठादारांचे देणे ६,४०,००० रुपये आहे, बँकेत ३,१०,००० व येणे १,५०,००० रुपये आहेत. रोख व येणे मिळून ४,६०,००० होतात, म्हणजे १,८०,००० कमी पडतात. उर्वरित रक्कम साठा विकून उभी राहावयाची आहे. साठा चालता असेल तर घोषणा योग्य आहे. तो निम्मा पडून राहिलेला असेल, तर स्वाक्षरीपूर्वी थांबून विचार करावा. आपण नियुक्त भागीदार नसलात तरी हे तीन आकडे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, कारण भागीदारास संस्थेच्या वह्या पाहता येतात.

याच ठिकाणी पुरवठादारांची वर्गवारीही तपासावी. सूक्ष्म व लघु उद्योगांना असलेली देणी फॉर्म ८ सोबत जाहीर करावी लागतात. उद्यम नोंदणी असलेल्या लहान आयुर्वेदीय फार्मसीकडून, म्हणजे उत्पादकाकडून, घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व करार नसल्यास १५ दिवसांत द्यावयाचे असतात. ही मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मान्य होत नाही. ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच वजा मिळते. वरील उदाहरणात अशी बाकी नाही, असे गृहीत धरले आहे. एक लक्ष रुपयांची बाकी निघाली, तर पुस्तकी नफा व त्याबरोबर कराचा सगळा हिशेब बदलेल.

प्रत्यक्ष क्रम

तारखांचा क्रम आणि कामाचा क्रम येथे एक नाही. फॉर्म ८ ची मुदत आयकर विवरणपत्राच्या एक दिवस आधी येते, म्हणून पुष्कळ ठिकाणी फॉर्म ८ घाईने भरला जातो आणि कराचा हिशेब दुसऱ्या दिवशी होतो. मग फॉर्म ८ मध्ये कराची तरतूद १,००,००० अशी अंदाजी जाते आणि विवरणपत्रात १,३१,०४० येते. एकाच वर्षाचे दोन नफे शासनदरबारी नोंदले जातात.

योग्य क्रम असा : जूनअखेर साठा, बँक व पुरवठादारांची खाती जुळवून वह्या बंद कराव्यात. ऑगस्टअखेर लेखापरीक्षण आटोपावे. सप्टेंबरमध्ये मानधनाची मर्यादा व कर काढून कराची नेमकी रक्कम वहीत लिहावी. त्यानंतर ताळेबंदावर सर्व भागीदारांनी दृष्टी टाकावी. मग त्याच ताळेबंदावरून प्रथम फॉर्म ८ व लगोलग आयटीआर-५ भरावा. आयटीआर-५ ची पडताळणी नियुक्त भागीदाराने करावयाची असते. त्यात प्रत्येक भागीदाराचा हिस्सा, व्याज व मानधन नावानिशी लिहावे लागते, तेव्हा आपल्या प्रवेशाची तारीख व पॅन क्रमांक बरोबर आहेत का, हे पाहावे.

सादर करण्यापूर्वी चार आकडे शेजारी मांडून पाहावेत : उलाढाल, भांडवल, कराची तरतूद व करोत्तर नफा. आपल्या उदाहरणात ते ६२,००,०००, २८,००,०००, १,३१,०४० व २,२८,९६० असे आहेत. उलाढाल वस्तू व सेवा कराच्या विवरणांशीही ताडून पाहावी. फरक असेल तर त्याचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे.

विलंबाची किंमत

१ एप्रिल २०२२ पासून विलंबशुल्क मूळ शुल्काच्या पटीत आकारले जाते. २५ लक्ष ते १ कोटी भांडवलाच्या संस्थेसाठी मूळ शुल्क ४०० रुपये आहे. आपली संस्था ‘लहान एलएलपी’च्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ९० ते १८० दिवसांच्या विलंबास २० पट शुल्क लागते. फॉर्म ११ हा ३० मेऐवजी १० सप्टेंबरला भरला, तर विलंब १०३ दिवसांचा होतो आणि ४०० रुपयांच्या कामास ८,००० रुपये अधिक मोजावे लागतात. ३६० दिवसांनंतर ३० पट शुल्काखेरीज दररोज २० रुपये वाढत जातात. याशिवाय निबंधक दररोज १०० रुपयांप्रमाणे दंडाची कारवाई करू शकतात. त्याची कमाल मर्यादा संस्थेसाठी १ लक्ष व प्रत्येक नियुक्त भागीदारासाठी ५० हजार रुपये आहे.

आयकर विवरणपत्रास उशीर झाल्यास ५ लक्षांपर्यंतच्या उत्पन्नावर १,००० व त्याहून अधिक उत्पन्नावर ५,००० रुपये शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज लागते. परंतु याहून मोठी हानी तोट्याच्या वर्षी होते. विवरणपत्र मुदतीत नसेल तर व्यवसायातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क जातो. पंचकर्म विभागाची उपकरणे घेतली त्या पहिल्या वर्षी तोटा होणे शक्य असते, आणि नेमक्या त्याच वर्षी ‘कर नाही तर घाई कसली’ असे म्हणून विवरणपत्र मागे पडते.

नव्या भागीदारांनी आपल्या संग्रही पाच कागद ठेवावेत : तारखेसह स्वाक्षरी झालेला पुरवणी करार, फॉर्म ३ व ४ च्या पोचपावत्या, फॉर्म ११ ची प्रत, लेखापरीक्षित ताळेबंदासह फॉर्म ८ ची प्रत, आणि आयटीआर-५ ची पोच. कलम १६७ग खाली आपली हलगर्जी नव्हती हे दाखविण्याची वेळ आलीच, तर हे कागद आणि त्यांवर आपण वेळोवेळी लेखी विचारलेले प्रश्न हाच आपला पुरावा ठरेल.